शेजाऱ्यांशी बोलायला शिकवणाऱ्या मराठी ॲपची तीस सेकंदांची जाहिरात कशी लिहावी

मराठी शिकवणाऱ्या ॲपसाठी लिहिलेल्या जाहिरातींचे मसुदे वाचण्याचे आणि सुधारण्याचे काम मी करतो. त्यांतील बहुतेक मसुदे एकाच जागी अडखळतात. ज्याला मराठी येत नाही त्याच्याशी ते मराठीत बोलत राहतात, आणि तीस सेकंद संपल्यावर त्याच्या पदरी मराठीचे एकही वाक्य पडलेले नसते. नमुन्यादाखल असा एक मसुदा पाहा.

«मुंबईत नवीन आहात? आता मराठी शिकणे झाले एकदम सोपे! शेकडो शब्द, रंजक खेळ, तज्ज्ञ शिक्षक. अवघ्या सात दिवसांत अस्खलित मराठी बोला आणि शेजाऱ्यांची मने जिंका. आजच डाउनलोड करा!»

व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नाही. परंतु पाटण्याहून किंवा कोलकात्याहून आलेल्या माणसाला यातले निम्मे कळणार नाही, ज्याला सगळे कळेल त्याला ॲपची गरज नाही, आणि "सात दिवसांत अस्खलित" हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. पुढे दिलेले टप्पे हाच मसुदा हाताशी धरून लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील निर्णय पुढच्या टप्प्याला बांधून ठेवतो.

## तयारी: लिहायला बसण्यापूर्वी

लेखणी हातात घेण्याआधी दोन गोष्टी गोळा कराव्यात. पहिली म्हणजे ज्या इमारतींतील लोकांसाठी ॲप आहे, तशा एखाद्या इमारतीच्या जिन्यात किंवा लिफ्टपाशी सकाळी अर्धा तास उभे राहून टिपलेली वाक्ये. तेथे "नमस्कार, आपण कसे आहात?" असे कोणी विचारत नाही. "झाली का पूजा?", "कचरेवाला येऊन गेला का?", "आज लवकर निघालात!", "लिफ्ट बंद आहे वाटतं" अशी वाक्ये ऐकू येतात. ती जशीच्या तशी, म्हणजे बोलण्यातील अनुस्वारांसह, लिहून घ्यावीत. कोणाचे संभाषण चोरून ध्वनिमुद्रित करू नये. टिपणे पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲपमधील पहिल्या तीन धड्यांची प्रत्यक्ष यादी. जाहिरातीत दाखवलेले वाक्य पहिल्याच धड्यात सापडले पाहिजे. जाहिरात पाहून आलेला माणूस ते वाक्य शोधत येतो, आणि त्याच्यापुढे रंगांची नावे किंवा प्राण्यांची चित्रे आली, तर तो ॲप बंद करतो.

## टप्पा १: एकच प्रेक्षक ठरवणे

"मुंबईत नवीन आलेले सर्व लोक" हा प्रेक्षक नाही. उंच टॉवरमध्ये राहणाऱ्याला शेजारी लिफ्टमध्ये वीस सेकंद भेटतो. जुन्या चार मजली सोसायटीत राहणाऱ्याला तो जिन्यात, गच्चीवर, पंपाच्या खोलीपाशी आणि दूधवाल्याच्या वेळी भेटतो. चाळीत तर गॅलरीच सामायिक असते. या तिघांना लागणारी पहिली वाक्ये वेगवेगळी आहेत.

या लेखातील उदाहरणासाठी मी असा प्रेक्षक धरतो: पंचवीस-सव्वीस वर्षांची तरुणी, मातृभाषा हिंदी, नोकरीसाठी मुंबईत येऊन दोन महिने झाले आहेत, आणि कांदिवलीतील एका जुन्या चार मजली सोसायटीत दोन मैत्रिणींसह भाड्याने राहते. तिचे सगळे व्यवहार हिंदीत निभावतात. रिक्षावाला, किराणा दुकानदार, कार्यालय, कोठेही तिचे अडत नाही. अडते ते समोरच्या दारातील काकूंपाशी, कारण काकूंना हिंदी कळते पण बोलताना त्या दोन वाक्यांत थांबतात आणि संभाषण हसण्यावर संपते.

हे शेवटचे वाक्य कागदावर ठळक लिहून समोर लावावे. जाहिरात याच अडचणीला उत्तर देणार आहे. मुंबईत मराठी न येणाऱ्याला भीती दाखवणारी किंवा लाज वाटायला लावणारी जाहिरात लिहिण्याचा मोह काहींना होतो. तो निक्षून टाळावा. ज्या तरुणीला शेजाऱ्यांशी बोलायचे आहे ती आधीच अर्धी वाट चालून आलेली आहे, आणि दटावणीच्या सुराने ती मागे फिरेल.

तपासणी: प्रेक्षकाच्या वर्णनातून इमारतीचा प्रकार, मातृभाषा आणि समोरचा शेजारी या तीनपैकी एकही गोष्ट गाळता येत असेल, तर वर्णन अजून अपुरे आहे.

## टप्पा २: एकच वाक्य निवडणे

संपूर्ण कामातील सर्वांत अवघड टप्पा हाच आहे, आणि याच्यासाठी उरलेल्या सगळ्या टप्प्यांच्या बेरजेइतका वेळ द्यावा. जाहिरातीने प्रेक्षकाला एक मराठी वाक्य शिकवायचे असते, जे तो त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी शेजाऱ्याशी बोलू शकेल. टिपलेल्या वाक्यांतून ते निवडताना चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी अशी की बोलणाऱ्याच्या लिंगानुसार वाक्य बदलू नये. "मी इथे नवीन राहायला आलो" हे वाक्य पुरुषाने म्हणायचे आणि "आले" हे स्त्रीने. एवढा भेद तीस सेकंदांत समजावता येत नाही, आणि न समजावता दाखवला तर अर्धे प्रेक्षक चुकीचे रूप पाठ करून जातात.

दुसरी कसोटी आदराची. हिंदीत "तुम" हे "आप"पेक्षा खालचे, म्हणून हिंदीभाषक मराठीतील "तुम्ही"लाही कमी आदराचे समजतो आणि "आप"च्या जागी "आपण" वापरू लागतो. काकूंना "आपण जेवलात का?" असे विचारले तर ते सभेतल्यासारखे वाटते, आणि "आपण जेवूया का?" अशा वाक्यांमुळे "आपण" म्हणजे "आपण दोघे" हा अर्थही मध्ये येतो. शेजाऱ्याशी "तुम्ही" हेच योग्य आहे. त्याहून बरे म्हणजे सर्वनाम मुळीच नसलेले आणि नात्याच्या हाकेने सुरू होणारे वाक्य. आईच्या वयाच्या शेजारणीला "काकू" म्हणावे. "मावशी" ही हाक प्रेमाची असली, तरी मुंबईत घरकाम करणाऱ्या बाईंनाही तीच मारली जाते, त्यामुळे नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करू नये. "वहिनी" म्हणायला तिच्या नवऱ्याशी भावाचे नाते मानलेले असावे लागते. "बाई" तर शाळेतल्या शिक्षिका.

तिसरी कसोटी उच्चाराची. मराठीतील "च" आणि "ज" यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. "तुमचं नाव काय?" हे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण "तुमचं"मधील "च" दंततालव्य आहे, "तुमची"मधील तालव्य. हिंदीभाषक दोन्हींकडे "चाय"मधला "च" उच्चारणार. एक नवा ध्वनी चालेल, दोन नकोत.

चौथी कसोटी उत्तराची आहे आणि तिच्यासाठी पुढचा टप्पा स्वतंत्र ठेवला आहे.

आता टिपलेली वाक्ये या कसोट्यांवर घासून पाहू. "जेवलात का?" हे वाक्य गोड आहे, परंतु तरुण मुलीने दोन महिन्यांच्या ओळखीवर मोठ्या बाईंना ते विचारणे उलट्या दिशेने होते. तो प्रश्न काकूंनी तिला विचारायचा. "लिफ्ट बंद आहे वाटतं" हे वाक्य चार मजली इमारतीत लिफ्टच नसेल तर निकामी. "काकू, पाणी आलं का?" मात्र चारही कसोट्यांना उतरते. बोलणाऱ्याचे लिंग येत नाही, सर्वनाम येत नाही, हाक योग्य आहे, नवा ध्वनी म्हणजे एकटा "ण". ज्या सोसायट्यांत सकाळी ठरावीक वेळीच पाणी सोडतात, तेथे हे वाक्य रोज खरेखुरे बोलले जाते. शिवाय हा प्रश्न विचारायला कारण लागत नाही. नळ कोरडा असणे एवढे कारण पुरते.

सावधान: हे वाक्य चोवीस तास पाणी असलेल्या टॉवरसाठी चालणार नाही. तेथे लिफ्टमधील "कितवा मजला?" हा प्रश्न घ्यावा. त्याचे उत्तर "सातवा" किंवा "तळमजला" असे एका शब्दाचे असते आणि लगेच बटण दाबून दाखवता येते.

## टप्पा ३: शेजाऱ्याचे उत्तर लिहिणे

भाषा शिकवणाऱ्या जाहिराती प्रश्न शिकवतात आणि तेथेच थांबतात. प्रत्यक्षात नवखा माणूस प्रश्न विचारताना पडत नाही, उत्तर ऐकताना पडतो. त्याने पाठ केलेला प्रश्न नीट विचारला की समोरच्या बाईंना वाटते, हिला मराठी येते, आणि त्या भरभर बोलू लागतात. मुलगी गोंधळते, काकू हिंदीवर येतात, आणि त्या दिवसापुरते मराठी संपते.

म्हणून जाहिरातीतील उत्तर काकूंच्या तोंडी शोभेल असे नैसर्गिक हवे, पण चार शब्दांपलीकडे जाऊ नये. "पाणी आलं का?" याला जिन्यात मिळणारी उत्तरे मी तीन प्रकारची ऐकली आहेत: "आलं", "अजून नाही" आणि "आज उशीर आहे, पंप बिघडलाय, वॉचमन सांगत होता की…" असे लांबत जाणारे. तिसरे खरे असले तरी जाहिरातीसाठी नको. पहिल्याने गोष्ट तेथेच संपते. दुसऱ्यात थोडी भर घालून मी हे उत्तर घेतले:

"अजून नाही. साडेसहाला येईल."

यातील "नाही" हिंदीभाषकाला चटकन कळते, "साडेसहा" हे "साढ़े छह"च्या जवळचे आहे, आणि "अजून" व "येईल" हे दोनच शब्द खऱ्या अर्थाने नवे उरतात. प्रेक्षकाला चारपैकी दोन शब्द आपले आपण कळले की उरलेल्या दोन शब्दांसाठी तो कान देतो. चारही शब्द अनोळखी असते तर त्याने बोट पुढे सरकवले असते.

तपासणी: उत्तर मोठ्याने तीन वेळा म्हणून पाहावे. काकूंच्या भूमिकेत म्हणताना ते पाठ्यपुस्तकातले वाटले, उदाहरणार्थ "अद्याप पाणी आलेले नाही", तर ते लेखी भाषेतून आलेले आहे. जाहिरातीतील संवादात "आलेलं", "आलं", "झालं" ही बोलण्यातील रूपेच असावीत.

## टप्पा ४: जाहिरातीची वाहक भाषा ठरवणे

शिकवायचे वाक्य मराठी, त्याचे उत्तर मराठी, आणि बाकी सारे प्रेक्षकाला आधीपासून येणाऱ्या भाषेत किंवा भाषेशिवाय. हा नियम ऐकून मराठी लिहिणाऱ्यांना वाईट वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. मराठीच्या जाहिरातीत हिंदी का, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. त्यावर माझे उत्तर असे असते की बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम पाण्याखालून सांगता येत नाहीत. मराठी शब्द अनोळखी भाषेच्या गर्दीत हरवण्याऐवजी ओळखीच्या शांततेत उठून दिसावेत, म्हणून ही सोय आहे.

शक्य तेथे भाषाच टाळावी. कोरडा नळ दाखवल्यावर "पाणी नाही" हे सांगावे लागत नाही. आमच्या उदाहरणात हिंदी फक्त दोन ठिकाणी येते, शब्दांचे अर्थ दाखवताना आणि शेवटच्या ओळीत.

हिंदीऐवजी तमिळ, तेलुगू, कन्नड किंवा गुजराती भाषकांसाठी जाहिरात करायची असेल, तर वाहक भाषा तर बदलतेच, पण एक मोठी सोयही हाती येते. या चारही भाषांत "ण" आणि "ळ" हे ध्वनी आहेत आणि त्यांच्या लिप्यांत त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. त्यांना "पाणी"तला "ण" वेगळा शिकवावा लागत नाही, फक्त त्यांच्याच लिपीत लिहून दाखवावा लागतो. बंगाली माणसाची अडचण याच्या उलट आहे: त्याच्या लिपीत "ण" आहे, पण उच्चारात तो "न"च होतो, त्यामुळे त्याला तो कानानेच शिकवावा लागतो.

सावधान: सगळ्यांसाठी एकच म्हणून रोमन लिपीत उच्चार लिहिण्याची पद्धत आहे. रोमन अक्षरांत "न" आणि "ण", "ल" आणि "ळ" एकसारखे दिसतात, म्हणजे जे शिकवायचे तेच पुसले जाते. दोन-तीन आवृत्त्या करण्याचा खर्च परवडत नसेल, तर एकाच भाषेच्या प्रेक्षकासाठी एक नीट जाहिरात करावी.

## टप्पा ५: तीस सेकंदांची संहिता

सतत बोलले तर तीस सेकंदांत साधारण साठ-पासष्ट मराठी शब्द मावतात. शिकवणाऱ्या जाहिरातीत त्याच्या निम्म्याहूनही कमी शब्द ठेवावेत, कारण ऐकलेले मनात म्हणून पाहायला प्रेक्षकाला मोकळी जागा लागते. आमची संहिता, मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी, अशी उतरली.

० ते ४ सेकंद. स्वयंपाकघरातील पितळी नळ अगदी जवळून. एक हात तो फिरवतो. आतून हवेचा सूं असा आवाज येतो, तोटीच्या टोकाला एक थेंब लोंबतो आणि पडत नाही. खाली रिकामे पातेले. निवेदन नाही, संगीत नाही.

४ ते ८ सेकंद. खांद्यावर टॉवेल टाकलेली तरुणी दार उघडते. समोरचे जाळीचे दार अर्धे उघडे, कडीला दुधाची पिशवी. काकू उंबऱ्याशी रांगोळीची दोन बोटे ओढत आहेत. तरुणी विचारते: "काकू, पाणी आलं का?"

८ ते ११ सेकंद. काकू मान वर करून, हात न थांबवता: "अजून नाही. साडेसहाला येईल."

११ ते १९ सेकंद. चित्र तरुणीच्या चेहऱ्यावर थांबते. काकूंचा तोच आवाज थोडा सावकाश पुन्हा ऐकू येतो, आणि पडद्यावर ॲपच्या पद्धतीने शब्द एकेक करून उमटतात: अजून, म्हणजे "अभी तक", नाही, साडेसहाला, येईल, म्हणजे "आएगा". शेवटच्या शब्दाबरोबर तिला उमगल्याचे दिसते.

१९ ते २५ सेकंद. घरातील घड्याळात साडेसहा. भिंतीतल्या पाइपात गुडगुड होते. बाहेरून काकूंची हाक येते: "आलं गं, आलं!" तरुणी पातेले नळाखाली सरकवत ओरडून उत्तर देते: "आलं!"

२५ ते ३० सेकंद. नळाची धार. तिच्यावर ॲपचे नाव आणि हिंदीत एक ओळ: "सवाल बोलिए, जवाब भी समझिए।" खाली पहिल्या धड्याचे नाव: "पाणी आलं का?"

या संहितेत ॲपचा पडदा वेगळा दाखवलेला नाही, तो संभाषणातच आला आहे. अकराव्या ते एकोणिसाव्या सेकंदात प्रेक्षक ॲप वापरतोच आहे. आणि शेवटी काकू स्वतःहून हाक मारतात हे मला या जाहिरातीतले सर्वांत महत्त्वाचे स्थान वाटते. पहिल्यांदा मुलीने विचारले, दुसऱ्यांदा काकूंनी न विचारता सांगितले. शेजार सुरू झाल्याची खूण तीच आहे, आणि "मने जिंका" असे लिहिण्याची गरज तेथे उरत नाही. त्या हाकेतला "गं" काढू नये. तो एका अक्षरात सांगतो की ही मुलगी आता परकी नाही.

लेखकाकडून येथे होणाऱ्या चुका मुख्यतः दोन आहेत. एक, मुलगी चुकते आणि काकू हसतात असा विनोद घालणे. नवख्या माणसाची सगळ्यांत मोठी भीती हीच असते आणि जाहिरात ती खरी करून दाखवते. दोन, तरुणीच्या भूमिकेसाठी मराठीभाषक कलाकार घेऊन तिला मुद्दाम तोतरे बोलायला लावणे. ज्या भाषेचा प्रेक्षक आहे त्याच भाषेची कलाकार घ्यावी आणि तिला तिच्या खऱ्या उच्चारात बोलू द्यावे. काकूंचा उच्चार मात्र निर्दोष हवा, कारण प्रेक्षक त्याचीच नक्कल करणार आहे.

तपासणी: घड्याळ लावून संहिता उभ्याने वाचावी, थांब्यांसह. अठ्ठावीस सेकंदांच्या पुढे गेल्यास शब्द कमी करावेत, थांबे कमी करू नयेत.

## टप्पा ६: पडद्यावरील अक्षरे

लोकलमध्ये उभ्याने मोबाइल पाहणारा माणूस बहुधा आवाज बंद ठेवतो. त्यामुळे वाक्य अक्षरांतही दिसले पाहिजे. एका वेळी दोन ओळींपेक्षा अधिक मजकूर नको: वर मराठी वाक्य मोठे, खाली अर्थ लहान. उभ्या चित्राच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या पट्ट्यात काहीही लिहू नये, कारण तेथे खात्याचे नाव आणि बटणे येतात.

"आलं" या शब्दातील अनुस्वार हिंदी वाचकाला फसवतो. तो नाकातून "आलङ्" असे काहीतरी वाचतो, तर मराठीत येथे शेवटचा "ल" फक्त लांबवलेल्या "अ"ने म्हटला जातो. आवाज चालू असेल तर ही अडचण आपोआप सुटते. म्हणूनच पहिल्या चार सेकंदांत नळाच्या आवाजाची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात लहानसे ध्वनिचिन्ह ठेवले, तर लोक आवाज वाढवतात.

छपाईच्या दोन चुका तर प्रत्येक मसुद्यात शोधाव्यात. "शेजाऱ्यांशी" हा या ॲपचा हक्काचा शब्द आहे आणि तोच सर्वाधिक वेळा चुकीचा छापला जातो. त्यात "ऱ्य" असे डोळ्याच्या पापणीसारखे अर्धे "र" हवे. ते "ऱ", हलन्त आणि "य" अशा क्रमाने टाइप केले की मिळते. साध्या "र"ने टाइप केले तर "य"वर रफार चढतो आणि शब्द वाचताना "शेजार्-यांशी" असा अडखळतो. दुसरी चूक "ल" आणि "श" यांच्या आकाराची: हिंदी वळणाचा टंक वापरला तर ही दोन अक्षरे मराठी वाचकाला परकी दिसतात. टंकाची भाषा मराठी निवडल्यास बहुतेक आधुनिक टंक योग्य आकार देतात.

ॲप स्टोअरमधील लहान वर्णन याच वेळी लिहून घ्यावे. प्ले स्टोअरवर नावाला ३० आणि लहान वर्णनाला ८० चिन्हांची मर्यादा आहे, आणि मोजताना काना, वेलांटी, मात्रा हेही धरले जातात. "पाणी" ही दोन अक्षरे नसून चार चिन्हे भरतात. देवनागरीतील मजकूर त्यामुळे वाटतो त्यापेक्षा लवकर संपवावा लागतो.

## टप्पा ७: दावा आणि किंमत

येथे थोडक्यात काम उरकता येते, मात्र ते वगळता येत नाही. १९८५ पासून मुंबईतून काम करणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेनुसार, जाहिरातीतील पडताळता येण्याजोग्या दाव्याला आधार असावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून "सात दिवसांत अस्खलित" हा दावा काढून टाकावा आणि त्याच्या जागी प्रत्यक्ष मोजता येईल असे काही लिहावे, उदाहरणार्थ "पहिल्या धड्यात इमारतीतले एक संभाषण". कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासा टाकून मोठ्या अक्षरांतला खोटा दावा तरून जात नाही.

"मोफत" हा शब्द किती धड्यांपुरता आहे, ते त्याच ओळीत लिहावे. चाचणीचा काळ संपल्यावर खात्यातून आपोआप पैसे कापले जाणार असतील, तर रक्कम आणि ती किती दिवसांनी कापली जाईल, हे डाउनलोड करण्यापूर्वीच्या पडद्यावर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावे.

## टप्पा ८: सहा माणसांवर चाचणी

प्रसारणापूर्वी जाहिरात सहा जणांना दाखवावी, आणि ते सहाही जण कार्यालयाबाहेरचे असावेत. तिघे नवखे, ठरवलेल्याच मातृभाषेचे. तिघी काकू, शक्यतो जुन्या सोसायटीत राहणाऱ्या.

नवख्यांना जाहिरात एकदाच दाखवावी, मग दहा मिनिटे दुसऱ्या विषयावर बोलावे, आणि नंतर विचारावे, "त्या मुलीने काय विचारले?" तिघांपैकी दोघांनी वाक्य ओळखू येईल इतके म्हटले तर पुढे जावे. "न" आणि "ण" यांची सरमिसळ झाली तरी ती चूक धरू नये. त्यानंतर काकूंचे उत्तर काय होते, ते त्यांच्या भाषेत सांगायला लावावे. "अभी नहीं आया, साढ़े छह बजे आएगा" एवढे आले पाहिजे.

काकूंची चाचणी वेगळी आहे. नवख्यांपैकी एकाला त्यांच्या दारात उभे करून ते वाक्य प्रत्यक्ष विचारायला सांगावे आणि काकू कोणत्या भाषेत उत्तर देतात ते पाहावे. परका उच्चार कानावर पडताच मुंबईतला मराठी माणूस सवयीने आणि सौजन्याने हिंदीवर येतो. नवखा शिकत नाही याचे एक मोठे कारण तेच आहे. एका चाचणीत तिघींपैकी दोघींनी "अभी नहीं आया बेटा" असेच उत्तर दिले होते. दोष त्यांचा नव्हता. आम्ही मग पहिल्या धड्यात "काकू, मराठीत सांगा ना!" हे वाक्य जोडले. त्यातही बोलणाऱ्याचे लिंग येत नाही. पुढच्या खेपेला त्यांतल्या एका काकूंनी उत्तर तर मराठीत दिलेच, वर "बादली भरून ठेव हं, उद्या कपात आहे" असेही सांगितले. नवख्या मुलीला त्यातले "बादली" आणि "उद्या" एवढेच कळले, आणि "कपात" हा शब्द दुसऱ्या धड्यात गेला.

चाचणीचा निकाल वाचताना एक गोष्ट तपासावी. नवख्यांना नळाचा आवाज, थेंब आणि काकूंची हाक आठवते पण वाक्य आठवत नाही, असे झाले, तर चित्रांना हात लावू नये. अकराव्या ते एकोणिसाव्या सेकंदांतील भाग बदलावा, आणि तेथे काकूंच्या उत्तराआधी मुलीचा प्रश्न एकदा पुन्हा ऐकवावा. त्यासाठी लागणारी दोन सेकंदे शेवटच्या पाच सेकंदांतून काढावीत, ॲपचे नाव तीन सेकंदांतही वाचून होते.